खाड्याचं गणित: ओपन कोडिंगपासून कॅटेगरीपर्यंत मेमोच्या मदतीने

ग्राउंडेड थिअरी म्हणजे मुलाखतींसारख्या माहितीतूनच सिद्धान्त घडवत जाण्याची संशोधनपद्धत. तिचे विद्यार्थी-प्रकल्प बहुधा एकाच जागी अडतात. मुलाखती झालेल्या असतात, त्यांचं शब्दांकन झालेलं असतं, ओळन्‌ओळ कोडिंगही झालेलं असतं आणि समोर दीड-दोनशे कोड, म्हणजे ओळींना दिलेली छोटी नावं, पडलेले असतात. पुढे काय करायचं हे कळत नाही, म्हणून विद्यार्थी सारख्या दिसणाऱ्या कोडचे ढीग लावतो: ‘आर्थिक अडचणी’, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’, ‘मालकिणीशी संबंध’, ‘आरोग्य’. चार ढिगांची चार प्रकरणं होतात, प्रत्येकात आठ-दहा अवतरणं बसतात आणि प्रबंध सादर होतो. पण ही चार नावं पहिली मुलाखत घेण्याआधीसुद्धा सुचली असती. मुलाखतींतून नवं असं त्यात काहीच आलेलं नसतं.

कोड हातात आल्यावर कॅटेगरी उभी राहीपर्यंत जे काम होतं ते जवळजवळ सगळं मेमोत, म्हणजे संशोधकाने कोडबद्दल विचार करत स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांत होतं. मी इथे फक्त तेवढाच टप्पा घेतो आणि एका उदाहरणावर शेवटपर्यंत करून दाखवतो.

सैद्धान्तिक कॅटेगरी म्हणजे काय, हे आधी डोळ्यांसमोर असू द्या

बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवतीचे व्यवहार पाहिले. ‘रुग्णांच्या समस्या’ आणि ‘परिचारिकांवरचा ताण’ अशी वाटणी त्यांनाही करता आली असती. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता: आपण मरणार आहोत हे रुग्णाला कळलं आहे का, आणि त्याला कळलं आहे की नाही हे इतरांना ठाऊक आहे का? त्यातून ‘जाणिवेचा संदर्भ’ ही कॅटेगरी निघाली. तिची चार रूपं त्यांनी सांगितली. कधी रुग्णाला काहीच ठाऊक नसतं, कधी त्याला संशय आलेला असतो, कधी दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असूनही दोघं ठाऊक नसल्यासारखं वागतात, आणि कधी सगळं उघड असतं. कोणतं रूप चालू आहे हे कळलं की खोलीत काय बोललं जातं, काय टाळलं जातं, नातेवाईक कुठे रडतात, हे समजू लागतं. हा अभ्यास 1965 मध्ये पुस्तकरूपाने आला आणि त्यामागची पद्धत, म्हणजेच ग्राउंडेड थिअरी, त्यांनी 1967 मध्ये मांडली.

या कॅटेगरीला रूपं आहेत. ती काही परिस्थितीत बदलते, बदलली की वागणं बदलतं, आणि ती एका रुग्णापुरती नाही. ‘आर्थिक अडचणी’ या नावात यातलं काहीच नाही.

आपलं उदाहरण

पुण्यातली एक एम.ए. समाजशास्त्राची विद्यार्थिनी धरू. तिला घरकाम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा आहे. धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्या अशी कामं करणाऱ्या आणि रोज चार-पाच घरी जाणाऱ्या या बायका आहेत. तिचा प्रश्न साधा आहे: या बायका खाडा कसा करतात? खाली दिलेली मुलाखतीतली वाक्यं आणि मेमो मी या लेखासाठी रचले आहेत, कारण खऱ्या मुलाखती त्या त्या बाईच्या विश्वासावर मिळालेल्या असतात. शब्द मात्र या कामातलेच आहेत.

पहिल्या मुलाखतीतला हा तुकडा:

“मला पाच घरं. जत्रेला गावी जायचं असलं ना, की मी आठ दिवस आधीपासून म्हणत राहते, सासूबाईंची तब्येत बरी नाही. म्हणजे एकदम सांगितल्यासारखं होत नाही. काकूंकडे दोन दिवस गेले तरी चालतं, त्या काही बोलत नाहीत. त्या वरच्या मॅडमकडे नाही चालत. तिथं मी पहाटे सहाला भांडी घासली अन् मग गाडी पकडली. बदली नाही दिली. बदली दिली की घर गेलंच म्हणून समजा.”

पहिल्या झटक्यात विद्यार्थिनी समासात असे कोड लिहिते: सुट्टी, खोटं कारण, चांगली मालकीण, कडक मालकीण, बदली बाई. हे विषयांचे शब्द आहेत. कोण काय करतंय हे त्यातून कळत नाही. ‘खोटं कारण’ या कोडमध्ये तर मालकिणीची नजर आधीच शिरलेली आहे. आता तोच तुकडा क्रियेने कोड केला तर: कारण आधीपासून पेरणं, धक्का बसू न देणं, कुठल्या घरी चालतं हे ओळखून असणं, एक घर सांभाळून दुसरं सोडणं, बदली देणं टाळणं, घर जाण्याची भीती बाळगणं.

ग्राउंडेड थिअरीच्या पुढच्या पिढीतल्या अभ्यासक कॅथी चारमॅझ यांनी कोड क्रियावाचक ठेवायचा सल्ला दिला, त्यासाठी इंग्रजीत खास रूप वापरावं लागतं. मराठीत ते आपसूक मिळतं. ‘-णं’ने संपणारा कोड लिहायची सवय लावा. जो कोड ‘-णं’ने संपवता येत नाही, त्यात बहुधा विषय असतो, क्रिया नसते.

भाषेबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथे फार नुकसान होतं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा म्हणून अनेकजण शब्दांकनच इंग्रजीत करतात आणि त्यावर कोडिंग करतात. मग ‘खाडा’, ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ या तिघांचा एकच इंग्रजी शब्द होतो. रजा नोकरीत मंजूर होते. सुट्टी कुणीतरी देतं. खाडा मात्र मोजला जातो आणि पगारातून कापला जातो. तो हक्क म्हणून कुणी मागत नाही. शिवाय ‘खाडा केला’ आणि ‘खाडा पडला’ यांत कर्ता बदलतो. मालकिणीसमोर बोलताना तो ‘पडतो’, मैत्रिणीशी बोलताना ‘केला’ जातो. हा फरक विश्लेषणाचा कच्चा माल आहे आणि भाषांतरात तो पहिल्यांदा जातो. कोडिंग मुलाखतीच्या भाषेतच करा आणि भाषांतर फक्त शेवटी प्रबंधात येणाऱ्या अवतरणांचं करा.

पहिला मेमो: कोडिंग थांबवून लिहा

ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी एक नियम घालून दिला होता: कोडिंग करताना विचारांची गुंतागुंत होऊ लागली की थांबा आणि मेमो लिहा. विद्यार्थी नेमकं उलट करतात. ‘आधी सगळं कोडिंग संपवतो, मग मेमो’ म्हणतात आणि महिन्याभराने बसतात तेव्हा तो गोंधळ विरून गेलेला असतो. मेमो लिहायचा क्षण ओळखणं सोपं आहे. एखाद्या ओळीला दोन कोड सुचतात आणि दोन्ही पटतात, किंवा एखादी ओळ आधीच्या मुलाखतीतल्या ओळीची आठवण करून देते पण जुळत नाही, तेव्हा पेन्सिल खाली ठेवायची.

मेमोला तारीख हवी, ज्या कोडवरून तो निघाला त्याचं नाव हवं आणि ज्या ओळींवर तो उभा आहे त्यांचे क्रमांक हवेत. बाकी भाषा कशीही चालेल. उदाहरणातल्या विद्यार्थिनीचा दुसऱ्या मुलाखतीनंतरचा मेमो असा:

> मेमो 4. कारण आधीपासून पेरणं. मी सारखी बघतेय की कारण खरं होतं की खोटं. तिला त्याचं काही वाटत नाहीये. ती वेळ सांभाळतेय. आठ दिवस आधी सासूबाईंची तब्येत काढली की खाड्याच्या दिवसापर्यंत मालकिणीच्या मनाची तयारी होते. दुसऱ्या मुलाखतीतल्या ताई उलट करतात. त्या काही सांगत नाहीत, फोन बंद ठेवतात, आणि परत गेल्यावर म्हणतात की रात्री ताप भरला. मी विचारलं तर म्हणाल्या, “आधी विचारलं की नाहीच म्हणतात, मग जाताच येत नाही.” म्हणजे आधी सांगितलं तर नकाराचा धोका, नंतर सांगितलं तर रागाचा धोका. दोघी दोन धोक्यांतून एक निवडतायत. कशावरून निवडतात? स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही. बघायचं: एकच बाई एका घरी आधी सांगते आणि दुसऱ्या घरी सांगत नाही, असं होतं का?

मेमोच्या पहिल्याच वाक्यात ती स्वतःची नजर पकडते. ‘खोटं कारण’ हा कोड का चुकीचा होता हे तिला लिहिताना कळलं, कोड करताना कळलं नव्हतं. मग ती एका प्रसंगाशेजारी दुसरा ठेवते आणि फरक कशात आहे हे शोधते. आणि शेवट प्रश्नावर करते, तोही असा की पुढच्या मुलाखतीत किंवा हातातल्या शब्दांकनात त्याचं उत्तर शोधता येईल.

निरुपयोगी मेमो कसा ओळखायचा? “या ताईंच्या आयुष्यात खूप अडचणी आहेत. त्यांना सुट्टी सहज मिळत नाही. मालकिणींनी अधिक समजून घ्यायला हवं.” हा मुलाखतीचा सारांश आणि त्यावरचं मत आहे. त्यात तुलना नाही, म्हणून प्रश्न नाही, म्हणून पुढची मुलाखतही आधीसारखीच होणार. तुमचे पाच मेमो काढून बघा. पाचांपैकी प्रत्येक मेमो एकेकाच मुलाखतीवर उभा असेल तर तुमचं तुलनेचं काम सुरूच झालेलं नाही.

तुलनेचं एकक सरकतं तेव्हा

मेमो 4 मधला प्रश्न घेऊन ती पहिल्या शब्दांकनाकडे परत जाते आणि उत्तर तिथेच सापडतं. त्याच बाईने काकूंकडे दोन दिवसांचा खाडा केला, वरच्या मॅडमकडे एकही नाही. एक बाई, एक जत्रा, आणि प्रत्येक घरी वेगळं वागणं. इथे विद्यार्थिनीच्या लक्षात येतं की आपण आतापर्यंत बाईची बाईशी तुलना करत होतो, आणि खरा फरक घराघरांत आहे.

असा सरकण्याचा क्षण बहुतेक चांगल्या प्रकल्पांत येतो आणि तो मेमोशिवाय क्वचितच येतो. व्यक्तीकडून प्रसंगाकडे, प्रसंगाकडून नात्याकडे, बाईकडून घराकडे. तो आला की जुनं शब्दांकन नव्या एककाने पुन्हा वाचावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका. तीन मुलाखतींना दोन दिवस पुरतात.

आता तिने प्रत्येक घर एका चिठ्ठीवर लिहिलं. तीन मुलाखतींतून तेरा घरं निघाली. प्रत्येक चिठ्ठीवर: किती दिवसांचा खाडा, कधी कळवलं, काय कारण दिलं, नंतर काय झालं. चिठ्ठ्या टेबलावर हलवताना एक कोड सगळ्यांच्या मागे उभा दिसू लागला: ‘कुठल्या घरी चालतं हे ओळखून असणं’. कारण किती आधी पेरायचं, पहाटे जाऊन भांडी घासायची की नाही, फोन उचलायचा की नाही, हे सगळं त्या ओळखण्यावर ठरत होतं.

कोड निवडायची कसोटी हीच ठेवा. जास्त वेळा आलेला कोड महत्त्वाचा असतोच असं नाही. ‘पगार कापणं’ तिच्या शब्दांकनात सगळ्यांत जास्त वेळा आला होता. पण तो बाजूला काढला तरी बाकीचे कोड जागच्या जागी राहत होते. ‘ओळखून असणं’ काढला की बाकीचे का घडतात हेच सांगता येत नव्हतं. असे तीन-चार कोड निवडायचे आणि पुढचं सगळं कोडिंग त्यांच्या मदतीने करायचं. याला फोकस्ड कोडिंग म्हणतात. उरलेले दीडशे कोड फेकायचे नाहीत, ते याच कोडचे तपशील म्हणून परत येतात.

नाव देणं, आणि चुकीची नावं नाकारणं

पुढचा मेमो नावाचा होता. विद्यार्थिनीने आधी ‘सुट्टीचं व्यवस्थापन’ लिहिलं आणि खोडलं. हा कचेरीचा शब्द होता आणि सुट्टी तर इथे नव्हतीच. मग ‘दैनंदिन प्रतिकार’ लिहिलं. हे नाव वाचनातून आलं होतं आणि मोहात पाडणारं होतं. पण तिने मेमोत स्वतःला विचारलं, ही बाई कुणाला प्रतिकार करतेय? काकूंकडे ती प्रतिकार करत नव्हती, त्यांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवत होती. बाहेरची संकल्पना वापरायला बंदी नाही. पण ती हातातल्या प्रसंगांवर घासून बघावी लागते आणि इथे ती अर्ध्या प्रसंगांना लागू पडत नव्हती.

मुलाखतींतले शब्दही तिने तपासले. “ते घर सोसतं” हे वाक्य दोघींच्या तोंडी आलं होतं. असे शब्द जसेच्या तसे कोड म्हणून ठेवले की त्यांना इन व्हिवो कोड म्हणतात आणि ते फार मोलाचे असतात. पण ‘घर सोसतं’ हे फक्त एका बाजूचं वर्णन होतं. बाई काय करते ते त्यात नव्हतं. शेवटी तिने ‘खाडा बेतणं’ हे नाव ठेवलं. खाडा हा त्यांचा शब्द, बेतणं हा तिचा. शिंपी कापड बेततो तेव्हा मापं घेतो, कापड किती आहे ते पाहतो आणि त्यातच बसवतो. या बायका घराघराचं माप घेऊन खाडा तसा कापत होत्या. ‘घर सोसतं’ हे त्या मापाचं नाव म्हणून कॅटेगरीच्या आत राहिलं.

नाव बसलं की नाही हे कळायचा एक साधा उपाय आहे. नाव वापरून मेमोत तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येकात क्रियापद तेच ठेवा: कोण बेततं, कशावर बेततं, बेत चुकला तर काय होतं. वाक्यं अडखळली तर नाव बदला. ‘आर्थिक अडचणी’ घेऊन अशी वाक्यं लिहून बघा, पहिल्याच वाक्यात थांबाल.

गुणधर्म, अटी, परिणाम

नाव मिळालं म्हणून कॅटेगरी झाली असं नाही. आता ती भरायची. प्रत्येक गुणधर्माला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना प्रसंग हवेत. खाडा केव्हा कळवला: आठ दिवस आधीपासून ते परत आल्यावर. किती घरांत पसरला: एकाच घरावर ते सगळ्या घरांवर थोडाथोडा. भरपाई कशी केली: पहाटे येऊन, दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करून, की काहीच न करता. ज्या टोकाला एकही प्रसंग नाही ते मेमोत रिकामं म्हणून लिहून ठेवा. पुढे कुणाला भेटायचं हे ती रिकामी जागा सांगते.

परिणामांचा मेमो लिहिताना या प्रकल्पातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निघाली:

> मेमो 11. घर सोसणं. जे घर सोसतं त्याच्याच वाट्याला जास्त खाडे येतात. हे सरळ आहे. पण तिसऱ्या मुलाखतीत: “काकू कधी बोलायच्या नाहीत. गौरी-गणपतीला तीन दिवस नाही गेले तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. आता तिथं जपून.” म्हणजे सोसणं संपतं. ते घराचा स्वभाव नाही, साठा आहे. कमी होतो. भरतो का? पहिल्या मुलाखतीत दिवाळीच्या आधी न सांगता काकूंचे पंखे पुसले, डबे घासले, पैसे मागितले नाहीत. तेव्हा मी याला ‘जास्तीचं काम करणं’ असा कोड दिला होता आणि शोषणाच्या ढिगात टाकला होता. ते भरणं असेल का? मग कडक मॅडमच्या घरचा खाडा काकूंच्या साठ्यातून भागतोय. कडक घर सांभाळायची किंमत सोसणारं घर देतंय. तपासायचं: ज्या बाईकडे सोसणारं घरच नाही ती काय करते?

इथे कोड कॅटेगरीपर्यंत पोहोचला. ‘जास्तीचं काम करणं’ हा जुना कोड एका ढिगातून उठून दुसऱ्या जागी बसला आणि त्याचा अर्थ बदलला. बायकांपैकी कुणीही हे वाक्य अशा शब्दांत बोलली नव्हती. तरी प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या ओळीवर टेकलेला आहे. आणि ‘असेल का’ हा शब्द मेमोत राहू दिला आहे, कारण दोन घरांवर उभा असलेला हा अंदाज आहे.

स्ट्राउस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांनी 1990 मध्ये या टप्प्यासाठी ॲक्शियल कोडिंगचा आराखडा दिला: परिस्थिती, कृती, परिणाम. ग्लेझरना तो साचा मुलाखतींतल्या माहितीवर लादल्यासारखा वाटला आणि 1992 मध्ये त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. विद्यार्थ्याने या वादात पडायची गरज नाही, पण आपण कुठल्या वाटेने जातो आहोत हे प्रबंधात एका परिच्छेदात सांगायला हवं. माझा अनुभव असा की आराखड्याचे चौकोन आधी काढले की विद्यार्थी ते भरत बसतात. मेमोत प्रश्न म्हणून तेच विचारले की काम होतं.

पुढची मुलाखत मेमो ठरवतो

मेमो 11 च्या शेवटच्या ओळीमुळे विद्यार्थिनी आता ‘आणखी कुणीही घरकामगार’ शोधत नाही. मेमोतल्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे मिळेल हे पाहून पुढची व्यक्ती निवडायची, हेच थिअरेटिकल सॅम्पलिंग. तिला दोन प्रकारच्या बायका हव्या आहेत: जिच्याकडे एकच घर आहे अशी, आणि जिला घर जाण्याची भीती कमी आहे अशी.

दिवसभर एकाच घरी राबणाऱ्या ताई म्हणाल्या, “माझ्या महिन्याला दोन सुट्ट्या ठरल्यात. त्या मी साठवते अन् मेमध्ये गावी जाते. तेव्हा माझी जाऊ येते कामाला.” इथे खाडा बेतणं नाहीच. सुट्टी ठरलेली आहे आणि वाटायला दुसरं घर नाही. पण ‘बदली देणं टाळणं’ हा कोड मात्र यामुळे फुटला. बदली टाळली जाते ती परकी असली तर. जाऊ, बहीण, मोठी मुलगी असली तर बदली दिली जाते, कारण घर घरातच राहतं.

सहावी मुलाखत कॅटेगरीला धडकली. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बाई म्हणाल्या, “मी सगळ्यांना सारखंच सांगते. चार दिवस येणार नाही, खाडे कापा.” कारण पेरलं नाही, माप घेतलं नाही. अशी मुलाखत आली की विद्यार्थी घाबरतात आणि ती ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकलतात. तिच्यावर सगळ्यांत लांब मेमो लिहायला हवा. विद्यार्थिनीने तिला पुन्हा भेटून विचारलं, काढून टाकलं तर? उत्तर आलं, “काढलं तर काढलं. माझ्या पोळ्यांना दोन घरं वाट बघतायत.” कॅटेगरी मोडली नाही, तिला अट मिळाली: घर गेलं तर दुसरं मिळायला वेळ लागतो तिथे खाडा बेतला जातो. भांडी कुणीही घासेल असं मालकिणीला वाटतं, पोळ्यांबद्दल तसं वाटत नाही.

आधी छापलेलं वाचन या टप्प्यावर काढलं तर फार उपयोगी पडतं, कारण आता त्याला विचारायला प्रश्न आहे. पुण्यात 1980 मध्ये घरकामगार बायकांनी संप केला होता. तो या कॅटेगरीशेजारी ठेवला की एक गुणधर्म उघडा पडतो जो मुलाखतींत कुठेच नव्हता: बेतणं हे एकटीने केलं जातं. मिळून मागणी केली की खाड्याची सुट्टी होते. सुरुवातीलाच हे वाचलं असतं तर विद्यार्थिनीने कदाचित प्रत्येक मुलाखतीत संघटनेबद्दल विचारलं असतं आणि खाड्याचं गणित तिच्या कानावरच आलं नसतं.

कधी थांबायचं

एका सत्राच्या प्रकल्पात नऊ-दहा मुलाखती होतात. त्यावर ‘सॅच्युरेशन झालं’, म्हणजे नवं काही येणं थांबलं, असं लिहू नका; परीक्षक विचारेल कशाचं, आणि उत्तर द्यायला जड जाईल. त्याऐवजी गुणधर्मानुसार सांगा. ‘केव्हा कळवलं’ या गुणधर्मात शेवटच्या तीन मुलाखतींत नवं काही आलं नाही. ‘कोण बदली देतं’ यात शेवटच्या मुलाखतीपर्यंत नवं येत होतं, म्हणून तो भाग अपुरा आहे. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या बायका आणि मालकिणींची बाजू यात नाही. असं लिहिलेलं वाचून कामावरचा विश्वास वाढतो.

थांबायची मला पटणारी खूण अशी: नवीन मुलाखत कोड करताना पुढे काय येणार याचा अंदाज मेमोंवरून बांधता येतो, आणि अंदाज चुकला तरी का चुकला हे कॅटेगरीच्या शब्दांत सांगता येतं. त्याचबरोबर, कुणा एकीचं नाव न घेता कॅटेगरीबद्दल दोन मिनिटं बोलता यायला हवं. ‘पहिल्या ताई असं करतात, तिसऱ्या ताई तसं’ याशिवाय बोलता येत नसेल तर आपण अजून वर्णनातच आहोत.

मेमोंतून प्रकरण

नऊ मुलाखतींवर पंचवीस-तीस मेमो जमतात. ते छापा, एकेक कागद वेगळा करा आणि जमिनीवर पसरा. मुलाखतींच्या क्रमाने लावू नका. कुठला मेमो समजण्यासाठी आधी कुठला वाचावा लागतो, त्या क्रमाने लावा. आपल्या उदाहरणात क्रम असा लागला: घर जाण्याची भीती, घराचं माप घेणं, कारण आणि वेळ निवडणं, सोसण्याचा साठा, साठा भरणं, आणि जिथे बेतणं लागत नाही त्या दोन परिस्थिती. हाच प्रकरणाचा आराखडा झाला. दोन मेमो कुठेच बसले नाहीत, एक गावच्या जत्रेवर आणि एक मोबाइलवर. ते चांगले होते, पण या प्रबंधात त्यांची जागा नव्हती. ते बाजूला ठेवले.

अवतरणं सगळ्यांत शेवटी येतात, आणि इथे एक काळजी घ्यायलाच हवी. कोण बाई कुठल्या घरी कोणतं कारण देते हे आपल्याला कळलेलं असतं. सोसायटीचं नाव, घरांची संख्या, गावची जत्रा आणि सासूबाईंचं दुखणं एकत्र छापलं तर एखादी मालकीण आपली बाई ओळखेल, आणि तिचं घर जाईल. म्हणून ओळख पटवणारे तपशील बदला आणि एका बाईची दोन लागोपाठची अवतरणं एकाच टोपणनावाखाली देताना पुन्हा विचार करा. उदाहरणातल्या विद्यार्थिनीने खाड्याच्या कारणांचा पूर्ण तक्ता परिशिष्टातून काढून टाकला. मार्गदर्शकाला तिने तो समक्ष दाखवला. परिशिष्टात मेमो 4, मेमो 11 आणि सहाव्या मुलाखतीवरचा मेमो, हे तीन मेमो तारखांसह आणि नावं काढून तसेच ठेवले, म्हणजे ‘खाडा बेतणं’ कुठून कसं आलं हे वाचणाऱ्याला पानं उलटून तपासता येईल.